आप्पांचा हेडफोन, आईचे स्पीकर: प्रकल्प नोंदी

शनिवार, 4 जानेवारी 2025, इचलकरंजी

माहेरी आले की पहिला आवाज टीव्हीचा येतो, तोही गल्लीच्या तोंडापासून. आप्पांनी 34 वर्षं मागावर काढली. शेडमधल्या धडाधडीत कान गेले. कुस्तीचं मैदान लावलं की आवाज 60 वर, आणि आई स्वयंपाकघरात कपाळाला अमृतांजन लावून बसलेली. ती 20 वर आणते, ते परत 60 वर नेतात. हे गेली दोन वर्षं चाललंय. आज ठरवलं, संक्रांत होऊन गेली तरी चालेल पण हे मिटवायचं.

आहे ते सामान असं. दादाचा जुना डेस्कटॉप, विंडोज 10, मदरबोर्डवरच रिअलटेकची साउंड चिप. एचडीएमआयने 32 इंची टीव्हीला जोडलाय, पण टीव्हीचा फक्त पडदा वापरतो. आवाज मागच्या हिरव्या जॅकमधून 2.1 स्पीकरला जातो. कपाटावर ठेवलेल्या त्या स्पीकरला स्वतःचं आवाजाचं बटण आहे. आप्पांची कॉट तिथून साडेतीन मीटरवर.

श्रवणयंत्र आहे, पण टीव्हीपुढे ते डबीतच असतं. त्यावर हेडफोन चढवला की शिट्टी वाजते, कारण यंत्राने मोठा केलेला आवाज हेडफोनच्या वाटीत आपटून परत त्याच्याच माइकमध्ये शिरतो. म्हणून टीव्हीसाठी यंत्र काढून हेडफोन, असं आप्पांनी स्वतःच ठरवलं. पण हेडफोन लावला की स्पीकर बंद पडतो आणि मग आईला काही ऐकू येत नाही. दोघांना एकाच वेळी ऐकू यायला हवं, आणि दोघांचा आवाज वेगवेगळा ठेवता यायला हवा. काम एवढंच.

दुपारी बाजारातून एकाचे दोन करणारी वायर आणली. मागच्या जॅकमध्ये ती घातली, एका फाट्याला स्पीकर, दुसऱ्याला हेडफोन. पाच मिनिटांत दोन्हीकडे आवाज! शिवाय स्पीकरला स्वतःचं बटण असल्यामुळे कॉम्प्युटरचा आवाज वर ठेवून स्पीकर तेवढा खाली आणता येतो. ज्यांची गरज एवढीच असेल त्यांनी हे वाचणं इथेच थांबवलं तरी चालेल, हे मी गंमत म्हणून म्हणत नाही.

आमचं मात्र भागलं नाही. आप्पांनी दहा मिनिटं ऐकलं आणि काढून ठेवला. "आवाज येतोय गं, पण बोलणं कळंना." मी आवाज वाढवला. "आता नुसता दणका बसतोय."

मग कपाटातून त्यांचा कानाचा रिपोर्ट काढला. 500 हर्ट्झला 25 डेसिबल, 1000 ला 30, 2000 ला 45, 4000 ला 70, आणि 8000 ला पुन्हा 55. चार हजारावर खड्डा आणि पुढे थोडी चढण, ही गोंगाटात काम केलेल्या कानाची ठरलेली खूण. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते त्यांना येतात. स, श, च, त यांची धार वरच्या पट्टीत असते, ती येत नाही. आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत, ते असं. फाट्याच्या वायरीत वरची पट्टी एकाच फाट्याला वाढवायची सोय नाही. दोन्हीकडे वाढवली तर आईच्या कपाळाला आणखी एक बाटली लागेल.

म्हणजे नुसते दोन फाटे नकोत. दोन वाटा हव्यात, प्रत्येकीची आवाजाची पातळी वेगळी आणि पोतही वेगळा.

रविवार, 5 जानेवारी

आधी फुकटातलं बघून घेतलं. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूला हेडफोनचा जॅक आहे. तिथे पिन घातली की मागचा स्पीकर गप्प होतो. हे बिघाड नसून सेटिंग आहे. रिअलटेकच्या कंट्रोल पॅनेलमध्ये वर उजवीकडे `Device advanced settings` असं बारीक अक्षरांत आहे. तिथे दोन पर्याय दिसतात. एक म्हणजे पुढे हेडफोन लागला की मागचं तोंड बंद करायचं. दुसरा म्हणजे पुढचं आणि मागचं अशी दोन वेगळी उपकरणं मानायची.

दुसऱ्या पर्यायाचं वर्णन वाचून मला वाटलं, झालं काम. लावला. `Playback` यादीत आता `Speakers` आणि `Realtek HD Audio 2nd output` असे दोन दिसायला लागले, पण आवाज एकातूनच! या पर्यायाचा अर्थ असा की गाणं एकातून आणि फोनकॉल दुसऱ्यातून, असे दोन वेगळे प्रवाह एका वेळी पाठवता येतात. एकच प्रवाह दोघांत टाकायचं काम तो करत नाही. विंडोजच्या लेखी 'डीफॉल्ट' उपकरण एकच, आणि ब्राउझर त्याच्याकडेच आवाज देतो. या एका गैरसमजात माझा एक तास गेला.

पहिला पर्याय ठेवून, पण 'बंद करायचं' ही खूण काढून टाकल्यावर पुढे-मागे दोन्हीकडे एकच आवाज आला. म्हणजे कालचीच फाट्याची वायर, फक्त पेटीच्या आतली.

एक गोष्ट मात्र कळली. पुढच्या जॅकपासून कॉटपर्यंत वायर मधल्या दारातून जाते, आणि आई चहाचा ट्रे घेऊन त्याच दारातून. एकदा अडखळली. चहा वाचला. वायर आडवी टाकायची नाही, हे त्या क्षणी ठरलं.

शनिवार, 11 जानेवारी

भाचीचा ब्लूटूथ हेडफोन एका दिवसासाठी मागून घेतला. वायरच नको. ब्लूटूथ हे रिअलटेकपेक्षा वेगळं उपकरण, म्हणजे आता खरंच दोन उपकरणांवर एक आवाज न्यायचा होता. विंडोजमध्ये त्याला एक जुना चोरवाटेचा रस्ता आहे. Win + R दाबून हे लिहायचं:

```
mmsys.cpl
```

ध्वनीची जुनी खिडकी उघडते. `Recording` टॅबवर रिकाम्या जागी उजवी क्लिक करून `Show Disabled Devices` वर खूण केली की `Stereo Mix` दिसतं. हा माइक नव्हे. कार्डातून बाहेर जाणारा आवाज तो परत आत आणून देतो. ते सुरू करायचं, `Properties` मधल्या `Listen` टॅबवर `Listen to this device` ला खूण करायची आणि खालच्या यादीतून दुसरं उपकरण निवडायचं. स्पीकरला जाणारा आवाज आता उलटा आत येऊन हेडफोनलाही जातो.

दोनदा चुकले, दोन्ही चुका लिहून ठेवते.

पहिल्यांदा खालच्या यादीत नजरचुकीने स्पीकरच ठेवला. कार्डातून गेलेला आवाज परत कार्डात आला, पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत. निवेदकाचं एक 'नमस्कार' विहिरीत ओरडल्यासारखं वाढत वाढत गेलं आणि खालच्या मजल्यावरून हाक आली, काय झालं म्हणून.

दुसऱ्यांदा हेडफोन जोडताच विंडोजने त्यालाच डीफॉल्ट केलं. मग हेडफोनमध्ये आवाज, स्पीकर गप्प, आणि `Stereo Mix` समोरची हिरवी पट्टी ढिम्म हलेना. ती पट्टीच बघायची. `Stereo Mix` फक्त रिअलटेकमधून जाणारा आवाज पकडतं. डीफॉल्ट दुसरीकडे गेलं की त्याच्या हाती काही लागत नाही. पट्टी नाचत असेल तर दोष पुढच्या टप्प्यात आहे, नाचत नसेल तर मागच्या. स्पीकरला पुन्हा डीफॉल्ट केलं, पट्टी नाचायला लागली, दोन्हीकडे आवाज आला.

आप्पांच्या कानाला हेडफोन लावला. दोन मिनिटांनी म्हणाले, "ह्यो माणूस दोनदा दोनदा का बोलतोय?"

मी लावून पाहिला. खरंच. स्पीकरवर 'चितपट' ऐकू आलं की त्यामागून कानात पुन्हा 'चितपट'. हेडफोनच्या गाद्या पातळ आहेत, बाहेरचा आवाज आत येतोच. आप्पांना खालची पट्टी चांगली ऐकू येते, त्यामुळे स्पीकरचा तो भाग त्यांच्यापर्यंत पोचतो.

किती उशीर आहे ते मोजायचं ठरवलं. यासाठी मैदानातली हलगी फार कामाची. तिचा ठोका सुईसारखा टोकदार असतो. मोबाइल कॉटवर ठेवला, त्याच्या माइकला हेडफोनची एक वाटी टेकवली आणि स्पीकर चालू ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड केलं. ती फाइल ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की प्रत्येक ठोक्याचे दोन सुळके दिसतात, एक स्पीकरचा, एक हेडफोनचा. दोन्हींमधलं अंतर माउसने निवडायचं, खाली आकडा येतो. पाच ठोके मोजले, सरासरी 290 मिलिसेकंद. सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा! बोलण्याचे दोन आवाज 30-40 मिलिसेकंदांच्या आत आले तर कान त्यांना एकच समजतो. त्यापुढे प्रतिध्वनी सुरू.

रविवार, 12 जानेवारी

290 पैकी काही उशीर `Listen` च्या आडवाटेचा आणि बराचसा ब्लूटूथचा. ब्लूटूथ आवाज आधी आवळून बांधतं, हवेतून पाठवतं, पलीकडे सोडवतं, आणि मध्ये खंड पडू नये म्हणून थोडा साठा धरून ठेवतं. साध्या एसबीसी पद्धतीत यात 150 ते 250 मिलिसेकंद सहज जातात.

आडवाट टाळण्यासाठी व्हॉइसमीटर बनाना घेतलं. हा संगणकातला मिक्सर आहे, वरातीच्या डीजेकडे असतो तसा, फक्त पडद्यावरचा. तो विंडोजमध्ये एक खोटं साउंड कार्ड उभं करतो. सगळा आवाज त्या खोट्या कार्डाला द्यायचा, आणि मिक्सर तो A1, A2, A3 अशा तीन खऱ्या उपकरणांना वाटतो. प्रत्येकाची पट्टी वेगळी, प्रत्येकाचा इक्वलायझर वेगळा. आपल्याला हवं होतं ते नेमकं हेच.

टाकल्यावर मशीन रीस्टार्ट करावंच लागतं, नाहीतर खोटं कार्ड यादीत येत नाही. पुढचं काम असं केलं. विंडोजच्या `Playback` यादीत `VoiceMeeter Input` ला डीफॉल्ट केलं. कालची `Listen` ची खूण काढली. ती तशीच राहिली असती तर हेडफोनला आवाज दोन वाटांनी गेला असता. मिक्सरमध्ये वर उजवीकडे A1 वर क्लिक करून स्पीकर निवडला, A2 वर हेडफोन. प्रत्येक नावाआधी WDM किंवा MME असा ड्रायव्हरचा प्रकार लिहिलेला असतो. WDM घ्यावं, MME मध्ये उशीर जास्त. शेवटी मधल्या `VoiceMeeter Input` च्या खांबावर A1 आणि A2 ही दोन्ही बटणं पेटवली. दुसरं पेटवायला विसरले होते आणि हेडफोन मेला असं समजून चार्जिंगला लावून बसले, हेही लिहायला हरकत नाही.

पुन्हा हलगी. आता 205 मिलिसेकंद. आडवाटेचे 85 वाचले, उरलेले ब्लूटूथचे.

बनानाच्या सेटिंगमध्ये प्रत्येक वाटेला मुद्दाम उशीर लावता येतो. स्पीकरला 200 मिलिसेकंद उशीर दिला. सुळके एकावर एक बसले, प्रतिध्वनी गायब. आप्पा खूश. मग आई स्वयंपाकघरातून येऊन मालिका बघायला बसली. "ह्यांची तोंडं आधी हलतात आणि बोलणं मागून येतंय."

बरोबरच होतं. हेडफोन मागे होता म्हणून मी स्पीकरलाही मागे नेलं, चित्र मात्र जिथल्या तिथे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची, बीटी.1359 ही शिफारस सांगते, की आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला किंवा 125 मागे पडला की माणसाला ते जाणवायला लागतं. आम्ही 200 च्या पलीकडे. व्हीएलसीत पाहायचं असेल तर J दाबत आवाज 50-50 मिलिसेकंद अलीकडे ओढता येतो. पण घरात सगळं ब्राउझरवर चालतं, तिथे ही सोय नाही.

तर ब्लूटूथ रद्द. कमी उशिराचे बिनतारी हेडफोन मिळतात, पण त्यासाठी दोन्ही टोकांना ती खास पद्धत असावी लागते. आमच्या कॉम्प्युटरचं ब्लूटूथ जुनं. हेडफोन भाचीला परत. तिने विचारलं, "आजोबांना आवडला का?" आवडला होता, हीच पंचाईत.

मंगळवार, 14 जानेवारी, कोल्हापूर

संक्रांत. घरचा दिवस, काम नाही. पण भाऊजी मॅकबुक घेऊन आले होते आणि विषय निघाला. त्यांनी तिळाचा लाडू तोंडात असतानाच `Audio MIDI Setup` उघडलं, खालचं अधिकचं चिन्ह दाबून `Multi-Output Device` केलं, दोन नावांवर खुणा केल्या, झालं. वेगळं काही टाकावं लागलं नाही. मला थोडा रागच आला. मग त्यांनी कीबोर्डवर आवाजाची कळ दाबली आणि पडद्यावर काट मारलेलं चिन्ह आलं. या जोड-उपकरणाला एकत्र आवाजाची पट्टी नसते. प्रत्येकाचा आवाज त्याच खिडकीत जाऊन वेगळा लावायचा. शिवाय वाटेवार इक्वलायझर नाही. आप्पांना उपयोग नाही.

तिथे एक खूण दिसली ती मात्र विचारात टाकून गेली, `Drift Correction`. प्रत्येक साउंड कार्डात वेळ मोजणारा आपला आपला स्फटिक असतो. दोघेही म्हणतात सेकंदाला 48000 नमुने, पण दोघांचे सेकंद अगदी एकसारखे नसतात. दोन घड्याळांत दहा लाखांत पन्नासचा फरक असला, तर तासाच्या 3600 सेकंदांत 0.18 सेकंदाची तफावत पडते. सुरुवातीला नीट जुळलेला आवाज तासाभराने ब्लूटूथएवढा फाटेल. ही खूण दुसऱ्या उपकरणाला पहिल्याच्या चालीने चालवते. व्हॉइसमीटरमध्ये A1 चं घड्याळ मुख्य, बाकीचे त्याच्या मागून. तिथे हे कितपत टिकतं ते लांब कार्यक्रमावर मोजायचं ठरवलं.

शनिवार, 18 जानेवारी

यूएसबीचं छोटं साउंड कार्ड आणलं, अंगठ्याएवढं. सोबत तीन मीटरची यूएसबी एक्स्टेंशन. साधी यूएसबी वायर पाच मीटरपलीकडे भरवशाची नाही, आणि हेडफोनची स्वतःची दीड मीटर आहेच, तेव्हा तीन पुरे. वायर दाराच्या चौकटीवरून नेली, वायरमनच्या पट्टीत बसवली, कॉटच्या उशाशी खाली उतरवली. आई ट्रे घेऊन दोनदा मुद्दाम ये-जा करून गेली.

हेडफोन कानावर पूर्ण बसणारा, जाड गादीचा. वायरीवर आवाजाचं चाक आहे, हे पाहूनच घेतला.

A2 वर यूएसबी कार्ड निवडलं, स्पीकरला दिलेला उशीर शून्य केला. आवाज आला, पण मागे तडतड, कढईत मोहरी टाकल्यासारखी. थांबायची, परत यायची. `Playback` मध्ये एकेका उपकरणाच्या `Properties` मधला `Advanced` टॅब पाहिला. स्पीकर 48000 हर्ट्झवर, यूएसबी कार्ड 44100 वर. खोट्या कार्डासह तिघांनाही 48000 केलं, मिक्सरच्या मेनूतून `Restart Audio Engine` दिलं. तडतड थांबली. याच टॅबवर एखाद्या प्रोग्रॅमला कार्डाचा पूर्ण ताबा घेऊ देणारी खूण असते, तीही दोन्हीकडे काढून टाकली. नाहीतर उद्या एखादा प्लेअर कार्ड बळकावून बसेल आणि मिक्सर बाहेर राहील.

हलगी: मोबाइल कॉटवर, वाटी माइकला टेकवून. फरक 8 मिलिसेकंद. यात एक गंमत आहे. मोबाइल स्पीकरच्या तोंडाशी नेऊन मोजलं तेव्हा हेडफोन 18 नी मागे होता. कॉटवर तोच फरक 8 झाला, कारण स्पीकरचा आवाज साडेतीन मीटर हवेतून यायला 10 मिलिसेकंद घेतो आणि तेवढ्यात हेडफोन त्याला गाठतो. म्हणजे जिथे कान आहे तिथेच मोजावं.

संध्याकाळी दोन तासांचं कीर्तन लावलं. सुरुवातीला टाळाच्या ठोक्यावर मोजलं, 8. शेवटी गजराच्या वेळी पुन्हा मोजलं, 9. घड्याळं फाटली नाहीत. भाऊजींना मेसेज टाकला.

रविवार, 19 जानेवारी

आज खरं काम. A2 च्या खांबावर EQ असं बटण आहे, त्यावर उजवी क्लिक केली की त्या एकाच वाटेचा इक्वलायझर उघडतो. A1 ला हात लावायचा नाही, तो आईचा.

रिपोर्टमध्ये चार हजारावर 70 डेसिबलचा खड्डा आहे म्हणून तिथे 70 भरायचे नसतात. बिघडलेल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा लगेच टोचतो, मधली पट्टी अरुंद झालेली असते. 'मोठ्यानं बोल' आणि 'ओरडू नकोस' ही दोन वाक्यं आप्पा लागोपाठ म्हणतात, ते यामुळे. थोडं थोडं करत 2000 ला 4 डेसिबल, 4000 ला 8 वाढवले आणि 150 च्या आसपास 4 कमी केले. शेवटचं मुद्दाम, स्टेडियममधला घुमणारा आवाज खालच्या पट्टीत बसून शब्दांना झाकतो.

वाढवलं की A2 चं मीटर लाल टेकायला लागलं आणि मोठ्या शब्दांवर आवाज फाटला. वाढवाल तेवढं एकूण खाली घ्यायचं, हा साधा हिशेब. A2 ची पट्टी 8 नी खाली ओढली, लाल गेलं. उरलेला आवाज आप्पा वायरीवरच्या चाकाने घेतील. गोंगाटाने गेलेला कान अजून जाऊ शकतो. मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, आणि आप्पांचे टीव्हीचे तास तितके भरतात. म्हणून चाक पूर्ण फिरवलं तरी दणका बसणार नाही, इतपतच विंडोजमधला यूएसबी कार्डाचा आवाज ठेवला.

उपयोग होतोय का हे 'बरं वाटतंय' यावर सोडायचं नव्हतं. भाचीकडून वीस शब्द मोबाइलवर बोलून घेतले, उलटसुलट क्रमाने: साठ, ताठ, काठ, पाठ, गाठ, माठ, मग सात, हात, दात, भात, रात, वात, असे. स्वर सारखा, फरक फक्त पहिल्या अक्षराचा. कॉम्प्युटरवरून वाजवले, आप्पांनी ऐकेल ते म्हणायचं, मी टिपायचं. त्यांनी पडद्याकडे पाठ केली.

इक्वलायझर बंद: 20 पैकी 11. 'साठ' ला प्रत्येक वेळी 'आठ'. 'सात' ला 'हात'. एकदा वैतागून म्हणाले, "सगळी एकच म्हणतीय की ती."

क्रम बदलून, इक्वलायझर चालू: 16. 'साठ' पहिल्याच फटक्यात आला. तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला, जिभेवर फिरवल्यासारखा. 'ताठ' आणि 'काठ' मध्ये अजून गोंधळ होतो. तिथे आणखी 2 डेसिबल चढवून पाहिले तर 'स' शिट्टीसारखा लागायला लागला. परत 8 वर आणलं आणि हात काढून घेतला.

शुक्रवार, 24 जानेवारी

कामावर असताना आईचा फोन. "सगळंच गप्प झालंय."

फोनवरच शोधत गेलो. आदल्या रात्री मशीन बंद केलं होतं, सकाळी चालू केलं. डीफॉल्ट उपकरण खोटं कार्डच आहे, पण त्यामागचा मिक्सर चालूच नाही. आवाज खोट्या कार्डात शिरतो आणि तिथेच मुरतो. मिक्सरच्या मेनूत `Run on Windows Startup` असतं, ते मीच लावलं नव्हतं. आईला फोनवरून चिन्ह शोधायला लावलं. "केळं आहे का बघ," म्हटलं तर म्हणाली, "केळी कालच संपली."

रविवार, 26 जानेवारी

ती खूण लावली. शिवाय दोन गोष्टी. टीव्ही बंद करून चालू केला की विंडोज एखाद्या वेळी एचडीएमआयलाच डीफॉल्ट करतं आणि आवाज टीव्हीच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरमधून येतो. `Playback` यादीत एचडीएमआयवर उजवी क्लिक, `Disable`. आणि यूएसबी कार्ड दुसऱ्या तोंडात लावलं की विंडोज त्याला नवीन पाहुणा समजतं, A2 वरचं जुनं नाव निकामी होतं. त्या तोंडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला.

कपाटाच्या दारावर आईसाठी कागद चिकटवला: दोन्हीकडे आवाज नसला तर केळ्याचं चिन्ह दोनदा दाबायचं. फक्त हेडफोनला नसला तर लाल ठिपक्यातली पिन आणि वायरीवरचं चाक बघायचं. फक्त स्पीकरला नसला तर स्पीकरचं स्वतःचं बटण. तरीही नाही आला तर मला फोन, पण मालिका संपल्यावर नव्हे, आधी.

दुपारी मैदान लावलं. स्पीकर 20 वर, आई शेजारी मटार सोलत. आप्पा हेडफोन लावून, मांडीवर हात. निवेदकाने दोन्ही पैलवानांचं गाव आणि तालीम सांगितली, आप्पांनी ती आईला परत सांगितली, आणि आई म्हणाली, "मलाही ऐकू येतंय, ओरडू नका." हेडफोन लावलेला माणूस मोठ्याने बोलतो, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

मग मला हाक मारून म्हणाले, "ती हलगी जरा खाली घे की. तो काय बोलतोय ते ऐकू दे." हलगीची धार नेमकी त्याच पट्टीत आहे जी मी वाढवलीय. पुढच्या शनिवारी 4000 चे 6 करून 3000 ला थोडे देऊन बघते, आणि भाचीला सांगून तेच वीस शब्द मागे हलगी वाजत असताना पुन्हा रेकॉर्ड करून घेते.